संदेश कोणत्या शब्दांत धाडावा? सोयाबीनच्या उगवण तपासणीवरून एक हिशेब

सोयाबीनचे बी नाजूक असते. त्याचे टरफल पातळ असल्यामुळे मळणीचा मार, पोत्यांची आपटाआपट आणि साठवणीतील दमट हवा यांनी त्याच्या उगवणशक्तीची लवकर हानी होते. बाहेरून टपोरा व चकचकीत दिसणारा दाणा जमिनीत कुजून जातो, आणि पेरणी उलटल्यावरच ती गोष्ट ध्यानात येते. २०२० सालच्या खरिपात महाराष्ट्रात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी फार मोठ्या संख्येने आल्या व अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. घरचे बी राखणाऱ्या शेतकऱ्याने एप्रिल-मे महिन्यांत शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहिले, तर हा धोका पुष्कळसा आधीच कळतो. त्याला खर्च असा काहीच येत नाही.

तरीही ही तपासणी करण्याविषयी धाडलेल्या संदेशांना फारच थोड्या शेतकऱ्यांकडून उत्तर येते. अशा वेळी दोष शेतकऱ्याच्या अनास्थेला दिला जातो. पुष्कळदा दोष संदेशाच्या शब्दांत असतो. तो कोठे आहे हे तर्काने ठरत नाही. दोन प्रकारचे शब्द धाडून उत्तरे मोजली म्हणजेच ते ठरते. बियाण्याचे दोन वाण शेजारी शेजारी लावून उत्पन्न तोलण्याची रीत ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांच्या परिचयाची आहे. हीच रीत शब्दांनाही लागू करता येते. ती कशी करावी, व तिच्यात फसगत कोठे होते, हे एका उदाहरणावरून पाहू. उदाहरणातील आकडे हिशेबाची रीत समजावी एवढ्यासाठी घेतले आहेत.

दोन मजकूर, एकच फरक

समजा, पाच गावांतील ८०० सोयाबीन उत्पादकांचे दूरध्वनी क्रमांक एका कार्यकर्त्याजवळ आहेत. त्याने दोन मजकूर तयार केले.

पहिला मजकूर असा: "घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणक्षमता चाचणी करून टक्केवारी या क्रमांकावर कळवा."

दुसरा मजकूर असा: "सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा. सातव्या दिवशी किती उगवले तो आकडा या क्रमांकावर कळवा."

दोहोंत मागितलेले उत्तर एकच आहे. शंभर दाण्यांतील उगवलेल्या दाण्यांची संख्या म्हणजेच टक्केवारी. पहिल्या मजकुरात तपासणीचे नाव घेतले आहे, दुसऱ्यात तपासणीची कृती सांगितली आहे. फरक एवढाच ठेवावा. दुसऱ्या मजकुरात त्याच वेळी शेवटची तारीख घातली, किंवा वर 'शेतकरी बंधूंनो' असे संबोधन जोडले, तर उत्तरे वाढली तरी ती कशामुळे वाढली हे सांगता येणार नाही. खताच्या चाचणीत एका वाफ्याला खत आणि पाणी दोन्ही अधिक दिले, तर त्या चाचणीवरून खताविषयी काही ठरत नाही, तसेच हे आहे.

मजकूर ठरविताना दोन व्यावहारिक गोष्टी पाहाव्या लागतात. कार्यालयाच्या नावाने येणाऱ्या सामूहिक संदेशावर प्रेषकाच्या जागी अक्षरे असतात, क्रमांक नसतो. त्याला शेतकऱ्यास परस्पर उत्तर धाडता येत नाही. म्हणून उत्तरासाठी दहा अंकी क्रमांक मजकुरातच द्यावा लागतो. अशा संदेशांचे नमुनेही आगाऊ नोंदवावे लागतात, तेव्हा दोन्ही मजकूर आधीच पक्के करून नोंदवून ठेवावेत. दुसरी गोष्ट लांबीची. देवनागरी संदेशाच्या एका भागात ७० चिन्हे मावतात व त्यात काना, मात्रा, अनुस्वार हे प्रत्येकी वेगळे मोजले जातात. संदेश एकाहून अधिक भागांचा झाला की दर भागात ६७ चिन्हेच मावतात. वरील दुसरा मजकूर क्रमांकासह सुमारे १०६ चिन्हांचा होतो, म्हणजे दोन भागांत जातो. खर्च भागांच्या संख्येवर पडतो.

यादी कशी विभागावी

सर्वांत अधिक चूक येथे होते. तीन गावांना पहिला आणि दोन गावांना दुसरा मजकूर धाडणे सोपे वाटते. परंतु एखाद्या गावात मागील वर्षी बी उगवले नसेल, तर तेथील शेतकरी कोणत्याही मजकुराला अधिक उत्तरे देतील, आणि गावाचा गुण शब्दांच्या नावावर जमा होईल. यासाठी विभागणी प्रत्येक गावाच्या आत करावी. गावाच्या यादीतील चुकीचे व दोनदा आलेले क्रमांक काढून टाकावेत, एका घरातील क्रमांक एकत्र धरावेत, आणि घरांना ओळीने अनुक्रमांक द्यावेत. विषम अनुक्रमांकांना कोणता मजकूर जावा हे नाणे उडवून ठरवावे. समांना दुसरा आपोआपच जातो. एका घरात दोन निरनिराळे मजकूर जाऊ नयेत.

येणेप्रमाणे दोन्हीकडे ४०० क्रमांक आले असे धरू. दोन्ही संदेश एकाच दिवशी, एकाच वेळी धाडावेत. सकाळी धाडलेला व भर दुपारी धाडलेला संदेश यांची तुलना शब्दांची तुलना होत नाही. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर ही चाचणी करता येत नाही, कारण तेथे एकच मजकूर सर्वांपुढे जातो. संदेश व्यक्तिशः गेला पाहिजे. शेजारी एकमेकांचे संदेश पाहतात, पुढेही धाडतात. हे पूर्णपणे थांबविता येत नाही. यादीबाहेरच्या क्रमांकांवरून आलेली उत्तरे वेगळी लिहून ठेवली, म्हणजे असा प्रसार किती झाला याचा अंदाज येतो. तो पुष्कळ असेल तर दोन मजकुरांतील खरा फरक हिशेबात आहे त्याहून लहान दिसतो, हे ध्यानात ठेवावे.

कोणते उत्तर मोजावे

संदेश धाडण्यापूर्वी वहीत तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: कशाला उत्तर म्हणावयाचे, कोणत्या तारखेपर्यंत वाट पाहावयाची, आणि एका घराची किती उत्तरे धरावयाची. आकडे समोर आल्यावर हे ठरवू गेल्यास आपल्या आवडत्या मजकुराकडे हात वळतोच.

आपल्या उदाहरणात संदेश २० एप्रिलला गेले. सातव्या दिवशी गोणपाट उघडावयाचे, म्हणून २६ एप्रिलपासून १० मेपर्यंत आलेला आकडा हेच उत्तर मानले, व एका घराचा एकच आकडा धरला. २५ एप्रिलपर्यंत आलेले आकडे वेगळ्या रकान्यात लिहिले. वहीत मिळालेली बेरीज अशी: २५ एप्रिलपर्यंत पहिल्या मजकुराला १६ आणि दुसऱ्याला ४ आकडे आले. २६ एप्रिलपासून पुढे पहिल्याला ३६ आणि दुसऱ्याला ६० आले.

हे आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. उतावीळ कार्यकर्त्याने २५ तारखेलाच वही उघडली असती, तर पहिला मजकूर चौपट सरस आहे असे समजून त्याने दुसरा रद्द केला असता. पण दाणे भिजवून सात दिवस व्हावयाच्या आतच आलेला आकडा खरा कसा असेल? पहिल्या मजकुरातील 'टक्केवारी कळवा' हे शब्द वाचून अनेकांनी अंदाजाने ८०, ९०, १०० असे आकडे कळविले. अंदाजाची खूण हीच: आकडा लवकर येतो आणि तो पूर्ण दशकाचा असतो. मोजलेल्या दाण्यांचा आकडा ६७, ७४, ८१ असा कसाही असतो. एखाद्याने संदेशापूर्वीच तपासणी केलेली असू शकते; परंतु मोजण्याचा नियम दोन्ही बाजूंना सारखाच लावावा, आणि लवकर उत्तर देणाऱ्यास गोणपाटातील आकडा पुन्हा कळविण्यास सांगावे. तो मुदतीत आला तर धरावा.

लवकर आलेले आकडे न गाळता सरसकट बेरीज केली असती, तर पहिल्याचे ५२ आणि दुसऱ्याचे ६४ झाले असते, व दोहोंत फारसे अंतर दिसले नसते. शब्द कोणते चांगले याचा निकाल, उत्तर कशाला म्हणावे या एका ओळीवर अवलंबून राहिला.

फरक खरा की योगायोग?

एकाच मजकुराच्या दोन प्रती दोन सारख्या यादींना धाडल्या, तरी उत्तरे अगदी समान येणार नाहीत. म्हणून दिसलेला फरक योगायोगाच्या मर्यादेबाहेर आहे काय, हे पाहावे लागते. दोन्ही याद्या सारख्या मोठ्या असतील आणि उत्तरे थोड्यांचीच येत असतील, तर एक सोपा अडाखा पुरतो. दोन्ही बाजूंच्या उत्तरांची बेरीज करावी, तिचे वर्गमूळ काढावे, आणि ते दुप्पट करावे. दोन बाजूंतील फरक या संख्येहून मोठा असेल तर तो बहुधा खरा समजावा.

३६ आणि ६० यांची बेरीज ९६. तिचे वर्गमूळ सुमारे ९.८, दुप्पट केल्यास १९.६. फरक २४ आहे. तो मोठा असल्यामुळे दुसरा मजकूर सरस ठरतो. सरसकट बेरजेवर हाच अडाखा लावून पाहा: ५२ व ६४ यांची बेरीज ११६, वर्गमूळ सुमारे १०.८, दुप्पट २१.५, फरक केवळ १२. निर्णय होत नाही. आता याद्या दहापट लहान धरू. एकीकडे ४, दुसरीकडे ६ उत्तरे आली. वर्गमुळाची दुप्पट ६.३, फरक २. अशा आकड्यांवरून 'दुसऱ्या मजकुराला दीडपट उत्तरे' असे अहवालात लिहिणे हिशेबाला धरून होत नाही. एका गावातील चाळीस-पन्नास क्रमांकांवर शब्दांची पारख बहुधा होत नाही. चार-पाच कार्यकर्त्यांनी मिळून एकच चाचणी करावी.

या अडाख्याने शंभरांतून चार-पाच वेळा योगायोगही खरा वाटतो. रोज वही उघडून रोज हिशेब मांडला, तर तशी फसगत अधिक वेळा होते. यासाठी मुदत संपल्यावर एकदाच हिशेब मांडावा.

दुसरी फेरी

दुसरा मजकूर सरस ठरल्यावर तोच आधार मानून पुढचा बदल करावयाचा. ही फेरी वेगळ्या गावांत घ्यावी, कारण आधीच्या शेतकऱ्यांपैकी अनेकांनी तपासणी उरकलेली असते. कोणता बदल करावा हे पहिल्या फेरीत आलेले प्रश्नच सांगतात. आकड्याऐवजी शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न टाकून न देता शब्दशः लिहून ठेवावा. 'कोंब किती मोठा असला म्हणजे उगवला म्हणावे?', 'फुगलेला दाणा मोजावा काय?' असे प्रश्न वारंवार आले, तर 'उगवले' हा शब्द अपुरा पडला असे समजावे; 'निरोगी कोंब आलेले दाणे मोजा' असे लिहून पाहावे. ज्या भागात गोणपाटाला बारदान म्हणतात, तेथे बारदानच लिहावे.

कार्यकर्त्यांना बहुधा सुचतो तो बदल निराळा असतो: भीती घालण्याचा. समजा, दुसऱ्या फेरीत चारशे-चारशेच्या दोन नव्या याद्यांवर, एकीकडे जुना मजकूर आणि दुसरीकडे तोच मजकूर 'बी न उगवल्यास दुबार पेरणी करावी लागते.' हे वाक्य जोडून धाडला. उत्तरे ५५ आणि ६१ आली. बेरीज ११६, मर्यादा २१.५, फरक ६. वाक्याचा उपयोग सिद्ध झाला नाही. उलट त्या वाक्यामुळे मजकूर सुमारे १४५ चिन्हांचा होऊन दोनऐवजी तीन भागांत गेला. असे वाक्य काढून टाकावे. फरक न आढळणे हाही निकालच आहे व तोही वहीत नोंदवावा, नाहीतर पुढील वर्षी दुसरा कोणी तेच वाक्य पुन्हा जोडील.

उत्तर आणि कृती

उत्तरे वाढली म्हणजे काम झाले असे नव्हे. उत्तर देणाऱ्यांपैकी प्रत्येक बाजूची वीस घरे चिठ्ठ्या टाकून निवडावीत, आणि तेथे जाऊन त्याच पोत्यातील शंभर दाणे पुन्हा ठेवून पाहावेत. शेतकऱ्याने ८२ कळविले आणि आपल्या तपासणीत ७६ आले, तर ते खोटे नव्हे. शंभर दाण्यांच्या दोन तपासण्यांत आठ-दहा दाण्यांचा फरक नैसर्गिकपणे पडतो. परंतु कळविलेले ९० आणि आढळलेले ५५ असा प्रकार अनेक घरी दिसला, तर त्या मजकुराने तपासणी घडविली नाही, केवळ उत्तर घडविले. उत्तर न देणाऱ्यांचीही वीस घरे पाहावीत. तेथे गोणपाट भिजलेले आढळले, तर मजकूर पोचला होता, फक्त कळविण्याची सोय अपुरी होती.

शब्दांकडून किती अपेक्षा ठेवावी, याला पूर्व आफ्रिकेतील एक मोठा दाखला आहे. केनिया व रवांडा या देशांत आम्लधर्मी जमिनीत चुना घालावा आणि शिफारस केलेली खते वापरावीत, असे संदेश शेतकऱ्यांच्या दूरध्वनीवर धाडून सहा स्वतंत्र चाचण्या झाल्या. अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले. तेथे मोजमाप उत्तरांचे नव्हते. शेतकऱ्याने ती वस्तू खरोखर खरेदी केली किंवा नाही, हे हजारो शेतकऱ्यांच्या नोंदींवरून पाहिले गेले. संदेशांमुळे शिफारस पाळण्याचा संभव वाढला, पण थोडाच: जेथे शंभरांत १० जण ती पाळत होते, तेथे सुमारे १२ पाळू लागतील इतका. मजकुराची मांडणी निरनिराळी करून पाहिली, तेव्हा त्याने परिणामात ठळक वाढ झाली नाही. तोच संदेश पुन्हा धाडल्याने मात्र काहीशी वाढ झाली.

या दाखल्याने शब्दांची पारख निरर्थक ठरत नाही. तिची मर्यादा कळते. न समजणारा शब्द काढून समजणारी कृती घालणे हा मोठा बदल असतो व तो तपासून पाहण्यास योग्य आहे. समजणारे वाक्य अधिक गोड किंवा अधिक कडक करण्यात फेऱ्या घालविण्यापेक्षा, सरस ठरलेला मजकूर मुदतीत आणखी एकदा धाडणे बरे.

आलेल्या आकड्याला उत्तर

शेतकऱ्याने आकडा कळविला म्हणजे त्याला त्याचा अर्थ कळलाच पाहिजे. ७० किंवा त्याहून अधिक दाणे उगवले असतील, तर हेक्टरी ७५ किलो बी पुरते. त्याहून कमी उगवण असल्यास बी त्या प्रमाणात वाढवावे: ७५ ला ७० ने गुणून उगवलेल्या दाण्यांच्या संख्येने भागावे. ६२ दाणे उगवले असतील तर हेक्टरी सुमारे ८५ किलो, आणि ६० उगवले असतील तर साडेसत्त्याऐंशी किलो बी लागेल. साठाच्याही खाली उगवण असलेले बी पेरणीसाठी न वापरता दुसऱ्या बियाण्याची सोय करावी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात हे कळले, तर पेरणीयोग्य पाऊस होईपर्यंत त्यासाठी साधारण एक महिना हाती राहतो.

हे उत्तर दोन दिवसांच्या आत जावे, आणि ते गेल्याची तारीख त्याच वहीत, आकड्याच्या पुढच्या रकान्यात लिहावी. वहीचे रकाने पुढीलप्रमाणे ठेवावेत: अनुक्रमांक, गाव, मजकूर पहिला की दुसरा, संदेश धाडल्याची तारीख, आकडा आल्याची तारीख, आकडा, विचारलेला प्रश्न, दिलेला सल्ला व त्याची तारीख, आणि जुलैमध्ये शेतावर दिसलेली उगवण. शेवटचा रकाना भरल्याशिवाय वही मिटू नये. पुढील एप्रिलमध्ये कोणता मजकूर धाडावयाचा, ते त्या रकान्यावरून ठरवावयाचे आहे.